फेररचनेचा मेल : शब्द कशाचा द्यावा?

17 जुलै 2014 रोजी मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांना एकाच दिवशी, एकाच विषयावर दोन मेल गेले. एक पाठवला होता मुख्य कार्यकारी अधिकारी सत्या नाडेला यांनी. दुसरा स्टीफन एलॉप यांनी, आपल्या हाताखालच्या उपकरण विभागाला. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी एप्रिलमध्ये नोकियाचा मोबाइल फोनचा व्यवसाय विकत घेतला होता. नोकियाचे माजी प्रमुख असलेले एलॉप त्याच व्यवहारातून मायक्रोसॉफ्टमध्ये परतले होते. दोन कंपन्या एकत्र आल्यावर तीच कामं करणारी माणसं दोन्हीकडे होती आणि त्यातली बरीच कमी होणार, हे आता सांगायचं होतं.

नाडेलांच्या मेलमध्ये आकडा सुरुवातीलाच येतो. येत्या वर्षभरात 18,000 पर्यंत जागा कमी होतील, त्यातल्या सुमारे 12,500 नोकियाकडून आलेल्या व्यवसायातल्या असतील, पहिल्या 13,000 जागांचं काम लगेच सुरू होईल आणि ज्यांची जागा जाणार त्यांतल्या बहुतेकांना सहा महिन्यांत कळवलं जाईल. त्यानंतर भरपाई आणि नवी नोकरी शोधायला मदत यांचा उल्लेख, आणि मग पुढची दिशा.

एलॉप यांचा मेल ‘हॅलो देअर’ असा घरगुती सूर लावून सुरू झाला. पुढे फोनची रणनीती, कोणते फोन कोणत्या ग्राहकासाठी, विंडोजचं त्यात स्थान काय, असे परिच्छेदांमागून परिच्छेद. 12,500 माणसांच्या नोकऱ्या जाणार हे वाक्य अकराव्या परिच्छेदाच्या आसपास सापडलं. त्या मेलमध्ये माहिती नव्हती असं नाही. कोणत्या देशातला कारखाना आवरणार, संशोधनाचं काम कोणत्या शहरात राहणार, हे सगळं त्यात होतं. तरीही वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली, आणि वाईट बातमी कशी सांगू नये याचा नमुना म्हणून तो आजही दाखवला जातो.

या दोन मेलमधला पहिला फरक क्रमाचा आहे. असा मेल उघडणारा माणूस कंपनीची रणनीती समजून घ्यायला बसलेला नसतो. माझी नोकरी राहते का, माझा साहेब बदलतो का, शहर बदलतं का आणि हे मला कधी कळणार, एवढंच तो शोधत असतो. ते सापडेपर्यंत तो मधला मजकूर वाचत नाही, नुसती नजर फिरवतो. म्हणून कारणं वर आणि परिणाम खाली ठेवले, तर कारणं फुकट जातात. परिणाम आधी कळला की तोच माणूस ‘पण का?’ असं विचारत कारणांकडे वळतो, आणि तेव्हा ती खरोखर वाचली जातात.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो नाडेलांच्या मेलमध्ये एका वाक्यात आला होता. ही सगळी प्रक्रिया शक्य तितक्या विचारपूर्वक आणि पारदर्शकपणे पार पाडू, असा शब्द त्यांनी दिला. यानंतर एकही नोकरी जाणार नाही, असा शब्द मात्र दिला नाही. बरोबर एका वर्षाने, जुलै 2015 मध्ये, मायक्रोसॉफ्टने आणखी 7,800 पर्यंत जागा कमी करत असल्याचं जाहीर केलं. त्यातल्या बहुतेक फोनच्याच व्यवसायातल्या होत्या. आदल्या वर्षी ‘आता हे शेवटचं’ असं लिहिलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं आणि त्यापुढचा कुठलाही मेल कोणी खरा मानला नसता.

फेररचनेच्या मेलमध्ये धीर देण्याची खरी जागा इथे आहे. निकाल आपल्या हातात नसतो. बाजार कसा वागेल, मोठा ग्राहक टिकेल का, संचालक मंडळ पुढच्या वर्षी काय ठरवेल, यावर मेल लिहिणाऱ्याचा ताबा नसतो. पण कोणाला कधी कळवायचं, निवड कोणत्या निकषावर करायची, जाणाऱ्याच्या हातात काय ठेवायचं, हे त्याच्या हातात असतं. शब्द द्यायचा तो या गोष्टींचा.

हे कागदावर कसं उतरतं ते एका कल्पित उदाहरणात पाहू. समजा, पुण्यात मुख्य कार्यालय असलेली, 180 माणसांची, पंप विकणारी आणि दुरुस्त करणारी एक कंपनी आहे. नाशिकचं ग्राहकसेवा केंद्र बंद करून ते काम पुण्यात आणायचं ठरलं आहे. नाशिकला 14 जण आहेत आणि पुण्यात त्यांच्यासाठी 9 जागा होणार आहेत. मनुष्यबळ विभागाकडून पहिला मसुदा साधारण असा येतो : ‘बदलत्या काळाची गरज ओळखून ग्राहकसेवा अधिक सक्षम करण्याच्या दृष्टीने काही संरचनात्मक बदल करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे. आपण सर्व एक कुटुंब आहोत. कोणीही काळजी करण्याचे कारण नाही.’

यातलं पहिलं वाक्य निर्णय कोणी घेतला ते सांगत नाही, दुसरं पाच जणांना घराबाहेर काढताना कुटुंबाची आठवण करून देतं आणि तिसरं सरळ खोटं आहे. नाशिकच्या 14 जणांना काळजीचं कारण आहेच, आणि पुण्यातल्यांना हा बदल नेमका कोणाचा हे न कळल्यामुळे तेही काळजीत पडतात. आता हाच मेल नीट लिहू.

‘विषय : नाशिकचं ग्राहकसेवा केंद्र 1 सप्टेंबरपासून बंद

सहकाऱ्यांनो,

नाशिकचं ग्राहकसेवा केंद्र 31 ऑगस्टला बंद करून ते काम पुण्यात आणायचं मी आणि संचालक मंडळाने ठरवलं आहे. नाशिकच्या 14 जागांऐवजी पुण्यात 9 जागा असतील. म्हणजे 5 जागा कमी होतील. या निर्णयामुळे इतर कोणत्याही विभागातली जागा कमी होत नाही.

नाशिकला येणारे फोन दोन वर्षांत निम्म्यावर आले आहेत आणि बऱ्याच तक्रारी दोन्ही ठिकाणी नोंदल्या जात आहेत. यात नाशिकच्या सहकाऱ्यांच्या कामात काही कमी होतं असं नाही.

पुण्यात कोण येईल हे अजून ठरलेलं नाही. पुण्याला यायची तयारी आणि कामाचा अनुभव हे दोन निकष असतील. 10 ते 14 जुलै या दिवसांत मी स्वतः नाशिकला प्रत्येकाला भेटेन. 21 जुलैपर्यंत 14 जणांनाही लेखी उत्तर मिळेल.

ज्यांची जागा राहणार नाही त्यांना कायदेशीर देण्यांव्यतिरिक्त तीन महिन्यांचा पगार मिळेल आणि त्यांचा आरोग्य विमा मार्चअखेरपर्यंत चालू राहील. पुण्याला येणाऱ्यांचा सामान हलवण्याचा खर्च कंपनी देईल.

यापुढे कधीच बदल होणार नाहीत असं मी सांगू शकत नाही. आज दुसऱ्या कोणत्याही विभागाबद्दल असा प्रस्ताव नाही. उद्या आला, तर तो तुम्हाला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळेल.’

या मेलमध्ये गोड बोलणं जवळजवळ नाही, तरी धीर आहे. पुण्यातल्या माणसाला पहिल्या परिच्छेदातच कळतं की हा बदल त्याचा नाही. नाशिकच्या माणसाला नोकरीची खात्री मिळत नाही, पण 21 जुलै ही तारीख मिळते. घरी सांगायला, कर्जाचा हप्ता आणि मुलांची शाळा यांचा विचार करायला त्याला काही धरून चालता येतं. ‘अजून ठरलेलं नाही’ हे वाक्य एकटं आलं तर भीती वाढवतं. त्याच्या शेजारी कोण ठरवणार, कशावरून आणि कधीपर्यंत हे आलं की ते सहन करता येतं. नाडेलांच्या मेलचीही मर्यादा इथेच होती. सहा महिन्यांची मुदत प्रामाणिक होती, पण सहा महिने रोज सकाळी ‘आज माझा नंबर का’ असं म्हणत कामावर जाणं सोपं नसतं. म्हणून शक्य असेल तर मेलच उशिरा पाठवावा आणि तो गेल्यापासून शेवटच्या माणसाला उत्तर मिळेपर्यंतचा काळ आठवड्यांत बसवावा.

शेवटचा परिच्छेद लिहिताना सगळ्यांत जास्त हात अडखळतो. वरिष्ठांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, ‘हे कशाला लिहायचं? लोक घाबरतील.’ पण ते वाक्य गाळलं तरी प्रश्न उरतोच, आणि तो त्याच दुपारी विभागप्रमुखांना विचारला जातो. त्यांच्याकडे ठरलेलं उत्तर नसलं की भला माणूस स्वतःच्या जिवावर ‘नाही रे, आता काही होत नाही’ असं सांगून बसतो. कंपनीच्या नावावर जमा होणाऱ्या खोट्या आश्वासनांपैकी बरीचशी अशीच, मेलबाहेर दिली जातात. त्यामुळे मेल सगळ्यांना जाण्याच्या आदल्या दिवशी विभागप्रमुखांना एकत्र बसवून कशाचं उत्तर द्यायचं आणि कशाला ‘मला माहीत नाही, अमक्या तारखेला कळेल’ म्हणायचं, हे ठरवावं लागतं. ज्या 14 जणांवर परिणाम होणार त्यांना त्याच सकाळी, मेलच्या आधी, समोर बसवून सांगावं लागतं. आणि शुक्रवारी संध्याकाळी मेल पाठवून प्रमुखाने दोन दिवस गायब होऊ नये. मेल गेल्यावर प्रश्न विचारायला माणूस जागेवर हवा.

मेल म्हणजे कायदेशीर नोटीस नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं. कायद्याच्या व्याख्येत जे ‘कामगार’ ठरतात, त्यांच्या पगारात, पाळ्यांत किंवा अशा ठरावीक सेवाशर्तींत बदल करायचा असेल तर 21 दिवसांची लेखी सूचना लागते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातली ही अट 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. नोकरकपातीसाठी नोटीस आणि भरपाईचे वेगळे नियम आहेत. मेलमधल्या तारखा त्यांच्याशी जुळल्या नाहीत, तर सगळ्यांसमोर दिलेला शब्द कंपनीला स्वतःलाच मोडावा लागतो. म्हणून मसुदा वकिलाला दाखवावा, पण वकिलाने सुचवलेली भाषा तशीच्या तशी मेलमध्ये उतरवू नये.

मेल तयार झाल्यावर त्याची परीक्षा घेण्याचा एक सोपा मार्ग आहे. निर्णय आधीच माहीत असलेल्या, पण मसुदा न लिहिलेल्या एका विभागप्रमुखाला तो वाचायला द्यावा आणि मेल बंद करून तीन प्रश्न विचारावेत : कोणाचं काय बदलतंय? काय अजून ठरलेलं नाही आणि ते कधी कळणार? कंपनीने कशाचा शब्द दिलाय? तिसऱ्या उत्तरात ‘कोणाची नोकरी जाणार नाही’ असं आलं आणि ते तुम्हाला पाळता येणार नसेल, तर चूक वाचणाऱ्याची नाही. कुठल्या वाक्यावरून तसं वाटलं ते त्याच्याकडून विचारून घ्यावं आणि ते वाक्य काढून टाकावं.