एकाच खोलीतील दोन लॅपटॉप

बेंगळुरूच्या जयनगरातील एका घरात भाऊ आणि बहीण एकाच टेबलाशी आपापला लॅपटॉप उघडून बसले आहेत, अशी कल्पना करा. पुण्याचे डॉक्टर व्हिडिओ बैठकीत आईच्या औषधांचे प्रमाण सांगत आहेत. बहीण प्रश्न विचारू लागताच तिचाच आवाज परत ऐकू येतो आणि लगेच कर्कश शिटी वाजते. असे का होते?

बहिणीचा आवाज इंटरनेटवरून फिरून भावाच्या स्पीकरमधून बाहेर पडतो. तिचा मायक्रोफोन तो पुन्हा टिपतो. प्रत्येक फेरीत आवाज वाढत जातो. प्रत्येक लॅपटॉप स्वतःच्या स्पीकरचा आवाज वजा करू शकतो. शेजारच्या लॅपटॉपचा आवाज मात्र त्याला ओळखता येत नाही.

म्हणून आवाजासाठी एकच लॅपटॉप ठेवावा. दुसऱ्याचा मायक्रोफोन व स्पीकर दोन्ही बंद करावेत. केवळ मायक्रोफोन बंद केल्यास त्याच्या स्पीकरमुळे हे चक्र चालूच राहते. दोघांनी हेडफोन लावल्यास चक्र तुटते. तरीही एकाचे बोलणे दोन्ही मायक्रोफोन टिपतात. त्यामुळे जो बोलत नसेल, त्याने आपला मायक्रोफोन बंद ठेवावा.