पोर्ट्रेट मोड केसांवरच का अडखळतो?

लग्नाच्या हॉलबाहेर काढलेला फोटो. चेहरा लख्ख, मागची झाडं छान धूसर. पण झूम केलं की कानाजवळच्या सुटलेल्या बटा अर्ध्यातच गायब झालेल्या दिसतात. कमरेवर हात ठेवलाय, पण कोपराच्या आतल्या मोकळ्या जागेतलं झाड मात्र धूसर झालेलंच नाही. असं का होतं?

मोठ्या कॅमेऱ्यात धूसरपणा लेन्समुळेच येतो. फोनची लेन्स लहान असल्याने तो नंतर सॉफ्टवेअरने टाकला जातो. त्यासाठी कोणती वस्तू किती लांब आहे, हे फोनला कळावं लागतं. अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि एकेक डोळा मिटून पाहा. अंगठा सरकल्यासारखा वाटतो, मागची भिंत फारशी सरकत नाही. फोनचे दोन कॅमेरे याच फरकावरून अंतर मोजतात. २०१७च्या गुगल पिक्सेल २ मध्ये मागे एकच कॅमेरा होता. त्यात सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून हे काम होई, पण त्या दोन दृश्यांतलं अंतर एक मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणून माणूस कुठे आहे हे ओळखणारं वेगळं मॉडेलही सोबतीला लागलं.

आता केसांकडे येऊ. माणूस दीड मीटरवर उभा आहे आणि फोटो नेहमीच्या मुख्य लेन्सने काढलाय, असं धरा. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत साधारण दोन मीटरचा भाग मावतो. म्हणजे एका पिक्सेलमध्ये अर्धा मिलिमीटर. केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर, म्हणजे पिक्सेलचा सातवा हिस्सा! उरलेल्या भागात मागचं झाड. त्यात अंतराचा नकाशा फोटोपेक्षा बराच ढोबळ असतो. तो ७६८ पिक्सेल रुंद असेल, तर त्याच्या एका चौकटीत फोटोचे पाच गुणिले पाच पिक्सेल येतात आणि त्या सगळ्यांना एकच अंतर मिळतं. बट ‘मागे’ गेली तर पुसली जाते, ‘पुढे’ आली तर भोवतीची पानंही स्पष्ट राहतात.

ही कड नंतर रंग पाहून सुधारली जाते. काळे केस आणि गडद पानं समोरासमोर आली की तिथेही फसगत होते. कोपराच्या आतली जागा चुकते, कारण तिथे जुळवणीसाठी फारच थोडा भाग दिसतो आणि फोन तो शरीरात धरून टाकतो. कोरी भिंत किंवा एकसारख्या गजांची खिडकीही अशीच चकवते. कुठला गज कुठल्या गजाशी जुळवायचा?

तुमच्या फोनमध्ये फोटो काढल्यावर धूसरपणा बदलता येत असेल, तर f चा आकडा १.४ पर्यंत खाली आणून पाहा. चुका लगेच उठून दिसतात. ४ किंवा ५.६ वर नेला की त्या बऱ्याच झाकल्या जातात. केस मोकळे असतील तर मागे फिकट, साधी आणि लांबची पार्श्वभूमी निवडा. गजांमुळे गडबड होत असेल तर फोन आडवा-उभा करून दोन्ही फोटो काढा. कॅमेरे ज्या रेषेत बसवलेत त्याच दिशेने जाणारे गज जुळवणं त्यांना सर्वांत अवघड जातं.