‘मी’ कुठे गेला?

लिंक्डइनवरच्या प्रोफाइलमध्ये नावाखाली ‘About’ नावाचा एक रकाना असतो. त्यात २,६०० अक्षरं मावतात. मात्र पान उघडणाऱ्याला सुरुवातीच्या दोन-चार ओळीच दिसतात, पुढचं वाचायचं तर त्याला मुद्दाम बोट लावावं लागतं. नेमक्या त्याच ओळी बहुतेकांच्या सारख्या असतात.

एक नमुना घेऊ. चाकणच्या एका वाहन-सुट्याभागांच्या कारखान्यात खरेदी विभागात काम करणाऱ्या बाई, अशी कल्पना करा. मूळ मजकूर अर्थातच इंग्रजीत. त्याचा मराठी अवतार असा: ‘डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल. सप्लाय चेनमधला १२ वर्षांचा समृद्ध अनुभव. त्यांनी अनेक क्रॉस-फंक्शनल टीम्सचं यशस्वी नेतृत्व केलं आहे. व्हेंडर मॅनेजमेंट आणि कॉस्ट ऑप्टिमायझेशनसाठी मी जबाबदार आहे. खर्चात लक्षणीय बचत साधण्यात आली.’

पाच वाक्यांत बोलणारा तीन वेळा बदलला. पहिल्या दोन वाक्यांत कर्ताच नाही, ती बायोडेटाची भाषा. तिसऱ्यात ‘त्यांनी’ आहे. हे वाक्य बहुधा एखाद्या परिषदेत निवेदकाने करून दिलेल्या ओळखीतून आलं असावं. चौथ्यात ‘मी’ उगवते आणि पाचव्यात बचत आपोआप होते, करणारं कुणी नाही. वेगवेगळ्या वेळी लिहिलेले तुकडे एकत्र चिकटवले की असंच होतं. तपासायची रीत सोपी आहे. प्रत्येक वाक्याला ‘कोणी?’ विचारायचं आणि उत्तर समासात लिहायचं. समासात ‘मी’, ‘त्या’ आणि रिकामी जागा अशी खिचडी दिसली, की दुरुस्ती कुठे करायची ते कळतं.

या रकान्यात ‘मी’च बरा. पान स्वतःच लिहिलेलं आहे हे सगळ्यांना ठाऊक असताना स्वतःला ‘त्या’ म्हणणं अवघडल्यासारखं वाटतं. नोकऱ्यांच्या तपशिलात कर्ता गाळलेले तुटक मुद्दे चालतात, तिथे ती रीतच आहे. ‘आम्ही’ मात्र जपून वापरावा. काम खरोखर चौघांचं असेल तर तसं सांगावं, पण त्यात आपण काय केलं तेही लगेच सांगावं.

आता शब्दांकडे. ‘डायनॅमिक’ काढून त्या जागी दुसरं विशेषण बसवून काही साधत नाही. प्रश्न असा विचारायचा: हे काम करताना माझा व्हिडिओ काढला, तर त्यात मी काय करताना दिसेन? ‘मॅनेजमेंट’ दिसत नाही. दर ठरवणं, पुरवठादाराच्या कारखान्यात जाऊन ऑडिट करणं, नव्या भागाचे नमुने मंजूर होईपर्यंत मागे लागणं दिसतं. ‘क्रॉस-फंक्शनल टीम’ म्हणजे सोमवारी क्वालिटी आणि प्रॉडक्शनवाल्यांना एका टेबलाशी बसवून कोणते भाग कमी पडणार ते ठरवणं. ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणजे पुठ्ठ्याचे खोके बंद करून परत वापरता येणारे क्रेट आणणं. ‘जबाबदार आहे’ हा शब्दप्रयोग तर सरळ छाटावा. जबाबदारी सोपवलेली असते, ती पार पाडली की नाही हे त्यातून कळत नाही.

नवा मजकूर असा होईल: ‘वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी १२ वर्षं खरेदी सांभाळते. कास्टिंग आणि मशिनिंगच्या ४० पुरवठादारांशी दर ठरवते, त्यांचं ऑडिट करते, नव्या भागांचं पीपीएपी मंजूर करून घेते. गेल्या वर्षी सहा भाग एकेकाच पुरवठादारावर अवलंबून होते. त्यांतल्या चार भागांसाठी मी दुसरा पुरवठादार उभा केला. खोक्यांऐवजी क्रेट आणण्याचा हिशेब मी मांडला, क्वालिटीच्या सहकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या.’

इथे एक धोका आहे. झाडू हातात घेतला की काही जण ‘पीपीएपी’, ‘SAP’, ‘कास्टिंग’ हेही झाडून टाकतात. ते पोकळ शब्द नव्हेत. भरती करणारे शोधाच्या चौकटीत हेच टाइप करतात. ‘डायनॅमिक’ कुणी शोधत नाही. यंत्राचं, प्रणालीचं, प्रक्रियेचं नाव ठेवायचं, त्याच्या शेजारी क्रियापद द्यायचं.

सगळी वाक्यं ‘मी’ने सुरू झाली तर आत्मस्तुतीचा सूर लागतो, म्हणून काही वाक्यं काळाने किंवा कामाने सुरू करावीत. आकडा असा द्यावा की मुलाखतीत कुणी ‘कसा काढलात?’ विचारलं तर उत्तर देता येईल. पुरवठादारांची नावं आणि दर हे कंपनीचं गुपित, ते लिहू नयेत. ‘सहापैकी चार’ एवढ्यानेही काम भागतं. आणि नोकरी बदलली की पहिल्याच दिवशी ‘सांभाळते’चं ‘सांभाळत होते’ करावं, कारण बरेच जण वर कंपनीचं नाव बदलतात आणि खालचा वर्तमानकाळ तसाच राहून जातो.