पूर्वाभिमुख म्हणजे नेमके काय? फ्लॅटची जाहिरात लिहिताना

बोरीवली पश्चिमेचा आमचा जुना फ्लॅट विकायला काढला, तेव्हा जाहिरातीचा मजकूर आम्ही दलालावर सोपवला. कापडाच्या ताक्यावर काय लिहायचे आणि काय नाही हे आम्हाला तीस वर्षांत कळले आहे, पण घराच्या बाबतीत आम्ही अडाणीच. दलालाने लिहिले: "पूर्वाभिमुख, शंभर टक्के वास्तु, सकाळचे भरपूर ऊन, भरभराटीचे घर." आम्ही मान डोलावली. आठवडाभरात एक गुजराती कुटुंब आले, घर पसंत पडले, एकावन्न हजार रुपये विसार दिला. दहा दिवसांनी तेच गृहस्थ सकाळी साडेसात वाजता आपल्या वास्तुतज्ज्ञाला घेऊन आले. हॉलमध्ये उभे राहून त्यांनी एवढेच विचारले, "ऊन कुठे आहे?"

ऊन नव्हते. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे. शरमेची गोष्ट अशी, की याच हॉलमध्ये याच खिडकीकडे तोंड करून आम्ही वीस वर्षे नमाज पढलो. मुंबईहून किब्ला पश्चिमेच्या किंचित उत्तरेला येतो, म्हणजे खिडकी कोणत्या बाजूला आहे हे आमच्याइतके कोणालाच पक्के ठाऊक नव्हते. तरीही "सकाळचे भरपूर ऊन" या शब्दांवर आमची नजर अडली नाही. त्यानंतर वास्तुतज्ज्ञाने ईशान्य कोपऱ्यातला संडास पाहिला आणि सौदा तिथेच संपला. दलाल म्हणाला, दरवाजा पूर्वेलाच आहे, आपण खोटे बोललो नाही, विसार परत देऊ नका. आम्ही परत दिला. ताक्यावर "फ्रेश"चा शिक्का मारून आत डागी माल घातला, तर गिऱ्हाइकाला पैसे परत द्यावेच लागतात.

त्यानंतर आम्ही हा विषय नीट समजून घेतला. आपल्यापैकी अनेकांचे घर किंवा गाळा आज ना उद्या विकायला निघणार आहे, आणि बोरीवलीसारख्या भागात विकत घेणारा बहुतेक वेळा वास्तु विचारणारच. म्हणून जे शिकलो ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे "पूर्वाभिमुख" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी मिसळतात. कोणी इमारतीचे तोंड धरतो, म्हणजे तिचे फाटक कोणत्या रस्त्याला आहे ते. कोणी फ्लॅटचा मुख्य दरवाजा धरतो, आणि वास्तु मानणारे बहुधा हेच धरतात: आतून बाहेर पडताना तुमचे तोंड जिकडे, ती घराची दिशा. कोणी हॉलची खिडकी किंवा गॅलरी धरतो, कारण ऊन-वारा तिथून येतो. बंगल्यात या तिन्ही गोष्टी अनेकदा एकाच बाजूला असतात. फ्लॅटमध्ये तसे नसते. दरवाजा लॉबीत उघडतो, आणि खिडकी बहुधा लॉबीच्या विरुद्ध अंगाला असते. म्हणजे दरवाजा पूर्वेला असेल तर हॉलला ऊन पश्चिमेचे मिळण्याची शक्यताच जास्त. दलालाची दोन वाक्ये, "पूर्वाभिमुख" आणि "सकाळचे ऊन", आमच्या घरात एकत्र खरी असूच शकत नव्हती. पहिले दरवाजाबद्दल खरे होते, दुसरे खोटे होते, आणि वाचणाऱ्याने दोन्ही जोडून घेतली.

म्हणून नुसते "पूर्वाभिमुख" लिहू नये. काय पूर्वेला आहे ते लिहावे.

आता दिशा मोजायची कशी? दरवाजाच्या आत, घराकडे पाठ करून उभे राहावे, होकायंत्र किंवा फोन हातावर आडवा धरावा आणि आकडा वाचावा. उत्तर शून्य अंश, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. आठ दिशा मानल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ४५ अंश येतात, म्हणजे साधारण ६७ ते ११२ अंशांपर्यंत पूर्व, त्याच्या अलीकडे ईशान्य आणि पलीकडे आग्नेय. आम्ही उंबऱ्यावर मोजले तर ११८ आले. म्हणजे दरवाजा आग्नेयेला! वास्तु मानणाऱ्याला हा दरवाजा चालत नाही. पण दोन पावले आत सरकून मोजले तेव्हा १०१ आले आणि हॉलच्या मध्यावर ९९. घोटाळा लोखंडी सेफ्टी डोअरचा होता. लोखंड जवळ असले की सुई भरकटते: जाळी, खिडकीचे ग्रिल, स्लॅबमधल्या सळ्या, लिफ्ट, शिवाय फोनच्या कव्हरमधला लोहचुंबक. त्यामुळे कव्हर काढून, भिंतींपासून दूर, तीन जागी मोजावे. तीन आकडे एकमेकांजवळ आले तरच भरवसा ठेवावा. पडताळा म्हणून उपग्रहाच्या नकाशात आपल्या इमारतीची भिंत पाहावी. त्यात वरची बाजू उत्तर असते, आणि तिथे लोखंडाचा प्रश्नच येत नाही. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि नकाशावरची खरी उत्तर यांत एक अंशाचीही तफावत नाही, तेव्हा दोन्ही जुळायला हवेत. आमचे जुळले: सुमारे १०० अंश, म्हणजे पूर्व, किंचित आग्नेयेकडे कललेली.

उन्हाबद्दल लिहिताना ऋतूही पाहावा लागतो. सूर्य अगदी पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, २१-२२ तारखेच्या आसपास. बोरीवलीत डिसेंबरमध्ये तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. आमच्या किचनची खिडकी दक्षिणेला आहे, तिथे थंडीत सकाळी तिरपे ऊन येते आणि जूनमध्ये येतच नाही. ज्यांची खिडकी खरोखर पूर्वेला आहे त्यांनीही एकदा बाहेर डोकावून पाहावे. बोरीवली पूर्वेला, हायवेपलीकडे, नॅशनल पार्कचे डोंगर आडवे आहेत, सूर्य त्यांच्यावर चढून यायला वेळ लागतो. आणि समोर जुनी चार मजली सोसायटी असेल तर तिचा पुनर्विकास होऊन तिथे टॉवर उभा राहू शकतो. "कायमचे मोकळे ऊन" असे वचन आपल्या हातातले नाही. "सध्या समोर चार मजली इमारत आहे" एवढे मात्र आपण खात्रीने लिहू शकतो.

आता वास्तुची वैशिष्ट्ये. आम्ही वास्तु मानत नाही, मग ते लिहावे की नाही, असा प्रश्न आमच्या एका मित्राने केला. आमचे मत असे, की कोणती खोली कुठे आहे ही मोजून सांगता येणारी गोष्ट आहे, ती खुशाल सांगावी. त्या जागेचे फळ काय हे सांगू नये. दलालाला "भरभराटीचे घर" हवे होते. या घरात राहत असताना आमचा धंदा वाढला हे खरे, पण २०२० च्या टाळेबंदीत आम्ही बसून खाल्ले तेही याच घरात. त्याचे श्रेय कोणत्या कोपऱ्याला द्यायचे?

फ्लॅटचा नकाशा मापात काढून, चौकोनाचे दोन कर्ण जोडून मध्य काढला आणि मध्यावरून प्रत्येक खोली पाहिली. किचन आग्नेय कोपऱ्यात, मोठी बेडरूम नैऋत्येला, लहान बेडरूम वायव्येला. हे तिन्ही वास्तु मानणाऱ्यांना आवडते. संडास-बाथरूम ईशान्येला, आणि ते त्यांना अजिबात चालत नाही, कारण तो कोपरा देवघराचा किंवा पाण्याचा मानतात. मग "शंभर टक्के" कशाचे? तसा आकडा मुळात काढताच येत नाही, कारण तज्ज्ञांचेही आपसात एकमत नसते. कोणी मध्यावरून आठ भाग पाडतो, कोणी सोळा, कोणी नऊ घरांचा चौकोन आखतो. तीच खोली एकाकडे आग्नेयेला पडते, दुसऱ्याकडे दक्षिणेला. आपण कोपरा सांगावा, निकाल त्यांच्यावर सोडावा. चांगले तीन कोपरे सांगून चौथा दडवला, तर आधीची तीन खरी वाक्येही खोट्याच्या कामी लागतात.

कायद्याचेही थोडे पाहावे. नव्या प्रकल्पाच्या बिल्डरला २०१६ चा रेरा कायदा लागू आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे, खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे गुंतवणाऱ्या ग्राहकाला नुकसान झाले तर भरपाई मिळते, आणि तो बाहेर पडू इच्छीत असेल तर व्याजासह पैसे परत. आपण जुन्या सोसायटीतला राहता फ्लॅट विकतो तेव्हा ते कलम आपल्यावर येत नाही. पण १८७२ चा करार कायदा येतो: चुकीच्या माहितीमुळे संमती मिळवली असेल, तर समोरचा करार रद्द करू शकतो. दिशा तर होकायंत्राने कोणालाही तपासता येते, मग फसवले कसे, असा वाद घालता येईल. पण तो वाद कोर्टात, वर्षानुवर्षे, वकिलाला फी देऊन घालायचा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ मात्र याहून जवळचे आहे. मालमत्तेतला महत्त्वाचा ऐब आपल्याला माहीत असेल आणि साध्या पाहणीत तो घेणाऱ्याला दिसणारा नसेल, तर तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. ईशान्येचा संडास डोळ्यांना दिसतो. त्याच्या स्लॅबमधून पावसाळ्यात होणारी गळती रंग दिल्यावर दिसत नाही. आमच्याकडे तशी गळती होती, दुरुस्त केली होती, आणि आम्ही तेही लिहिले.

शेवटी आमच्या हाताने लिहिलेला मजकूर असा झाला:

"बोरीवली पश्चिम, चौथा मजला, लिफ्ट आहे. दोन बेडरूम, हॉल, किचन. दस्ताप्रमाणे चटई क्षेत्र ५८० चौरस फूट. मुख्य दरवाजा पूर्वेला, लॉबीत उघडतो. हॉलची खिडकी पश्चिमेला, ऊन दुपारनंतर. किचन आग्नेय कोपऱ्यात, ओट्यापाशी उभे राहिल्यास तोंड पूर्वेला, खिडकी दक्षिणेला. मोठी बेडरूम नैऋत्येला, लहान वायव्येला. संडास-बाथरूम ईशान्य कोपऱ्यात, तेथील गळती दुरुस्त केली आहे. पश्चिमेला सध्या चार मजली इमारत. खोल्यांचा नकाशा दिशांसह पाहायला मिळेल."

दलाल म्हणाला, असे लिहून कोणी येणार नाही. फोन खरोखरच कमी आले, पहिल्या जाहिरातीच्या निम्मेही नाहीत. ईशान्येचे वाचूनच अनेकांनी विषय सोडला असणार, आणि त्यांना घर दाखवण्यात आमच्या संध्याकाळी गेल्या नाहीत. तीन महिन्यांनी एक मराठी कुटुंब आले. त्यांनी ईशान्येवरून भावात थोडी घासाघीस केली, आम्ही थोडे सोडले. त्यांचे वडील जुन्या पितळी होकायंत्रासह आले होते. उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी आकडा वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. आम्ही म्हटले, "काका, दोन पावले आत या, मग बघा."