घाव घातला, शत्रू बरा झाला

माइनक्राफ्ट या खेळात ‘रेझिस्टन्स’ नावाचा एक परिणाम आहे. त्याची एकेक पातळी चढली की अंगावर येणारा मार 20 टक्क्यांनी कमी होतो. पहिल्या पातळीला 20, दुसऱ्या पातळीला 40 आणि पाचव्या पातळीला पूर्ण 100 टक्के. पण कमांड लिहून सहावी पातळीही देता येते, आणि मग हिशेब 120 टक्क्यांवर जातो. आता 10 गुणांचा फटका 120 टक्क्यांनी कमी केला तर उरते काय? गणित सांगते, उणे 2.

खेळ लिहिणाऱ्याने या उण्याकडे लक्ष दिले नाही, तर फटका खाणाऱ्याचे प्राण वाढतील. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तसे होत नाही, कारण तिथे या आकडेमोडीच्या शेवटी उत्तर शून्याखाली जाऊ न देणारी अट लिहिलेली आहे. ज्या खेळांत ती अट राहून जाते, तिथे मात्र खेळाडू अग्निगोळ्यांचा वर्षाव करतो आणि समोरचा राक्षस दर गोळ्यागणिक ताजातवाना होत जातो.

हे कसे घडते ते सूत्रातच दिसते. मारामारीच्या बहुतेक खेळांत प्रत्येक पात्राजवळ प्राणांचा एक आकडा असतो, त्याला एचपी म्हणतात. हल्ला झाला की आधी डॅमेज काढायचे, मग ते एचपीमधून वजा करायचे. शत्रूकडे अग्नीचा रेझिस्टन्स असेल, तर तेवढे टक्के डॅमेज आधीच कापले जाते. कोडमध्ये हे दोन ओळींत मावते:

```
damage = attack * (1 - resist / 100.0)
hp = hp - damage
```

या ओळी दिसायला बिनचूक आहेत आणि रेझिस्टन्स 100 च्या आत असेपर्यंत उत्तरही बरोबर येते. एक उदाहरण घेऊ. एका अग्निराक्षसाला जन्मजात 90 टक्के रेझिस्टन्स आहे. 80 गुणांचा अग्निगोळा त्याला 8 गुणांची इजा करतो. आता त्याच्या शेजारी एक मांत्रिक उभा राहतो आणि मंत्र टाकून सगळ्या साथीदारांचा रेझिस्टन्स 40 ने वाढवतो. बेरीज झाली 130. तोच 80 चा गोळा आता 80 × (1 − 1.3), म्हणजे उणे 24 डॅमेज करतो. राक्षसाचे एचपी 60 होते. 60 मधून उणे 24 वजा केले की 84 होतात.

दुकानात एकाच शर्टावर दिवाळीची 60 टक्के आणि सभासदांची 50 टक्के सूट नुसती बेरीज करून दिली, तर दुकानदाराला शर्टासोबत पैसेही द्यावे लागतील. इथे नेमके तेच झाले. राक्षस लिहिणाऱ्याने 90 हा आकडा विचार करून ठेवला, मंत्र लिहिणाऱ्याने 40 हाही विचार करूनच ठेवला. दोघांचे आकडे आपापल्या जागी योग्य होते. दोष उघडा पडला तो दोन्ही एकाच लढाईत भेटले तेव्हा. चिलखत, अंगठी, काढा, मंत्र असे रेझिस्टन्स वाढवणारे प्रकार जितके जास्त, तितकी अशी भेट होण्याची शक्यता जास्त.

हा बग चाचणीतही सहज निसटतो, आणि त्याला कारण आहे. एचपी कमाल मर्यादेच्या वर जाऊ नये, एवढी काळजी बहुतेक खेळांत आधीच घेतलेली असते. चाचणी करणारा माणूस ताज्या, पूर्ण प्राणांच्या राक्षसावर अग्निगोळा टाकतो. प्राणांची पट्टी हलत नाही. राक्षस अग्नीला दाद देत नाही, असे समजून तो पुढे जातो. खरे तर राक्षस बरा होऊ पाहत होता, पण भरलेल्या पट्टीत वाढायला जागाच नव्हती. म्हणून शत्रूला आधी दुसऱ्या शस्त्राने जखमी करायचे आणि मगच रेझिस्टन्स असलेला मार द्यायचा. पडद्यावर डॅमेजच्या आकड्याआधी उण्याचे चिन्ह लावणारा खेळ असेल, तर दुसरी खूणही मिळते: `-24` ऐवजी `--24` असे दोन उणे उमटतात.

चूक कोणत्या सूत्रात आहे, याचा माग बरे होण्याच्या प्रमाणावरून लागतो. टक्केवारीच्या सूत्रात फटका जितका जोरदार, तितका शत्रू जास्त बरा होतो. वरच्या राक्षसावर 80 ऐवजी 160 चा गोळा टाकला, तर त्याला 24 ऐवजी 48 प्राण मिळतात. दुसरी पद्धत सरळ वजाबाकीची असते: हल्ल्याचा जोर उणे बचाव. जपानच्या ‘फायर एम्ब्लेम’ या जुन्या मालिकेचा पाया असाच आहे. तिथे बचाव हल्ल्यापेक्षा जास्त असला की डॅमेज शून्य धरले जाते. ते तसे धरले नसते, तर 20 बचावाच्या शूराला 15 जोराच्या घावाने 5 प्राण मिळाले असते आणि 5 जोराच्या घावाने 15. म्हणजे वजाबाकीच्या सूत्रात दुबळा फटका जास्त बरे करतो. दोन वेगवेगळ्या जोराचे हल्ले करून पाहिले की कोडमध्ये कुठे शोधायचे ते कळते.

यावरचा उपाय म्हणजे क्लॅम्पिंग. आकड्याला एक खालची आणि एक वरची हद्द घालून द्यायची. हद्दीच्या आत असेल तर आकडा आहे तसा राहतो आणि बाहेर गेला तर जवळच्या हद्दीवर आणून ठेवला जातो. शून्य आणि 100 या हद्दी असतील, तर उणे 24 चे शून्य होते, 150 चे 100 होतात आणि 37 हा 37 च राहतो. डॅमेजला फक्त खालची हद्द हवी असेल तर `max(0, damage)` एवढे पुरते. उण्याचे चिन्हच काढून टाकणारे `abs(damage)` वापरण्याचा मोह मात्र टाळायला हवा. त्याने उणे 24 चे 24 होतात, म्हणजे 100 टक्के रेझिस्टन्सवाल्याला काहीच लागत नाही आणि 130 टक्केवाल्याला मात्र 24 चा मार बसतो.

खरी मेख आहे ती ही हद्द नेमकी कुठे घालायची यात. एका जळत्या तलवारीचा घाव 30 गुणांचा आणि तिच्या ज्वाळेचा मार 20 गुणांचा आहे. शत्रूला घावाचा रेझिस्टन्स नाही, पण अग्नीचा 150 टक्के आहे. ज्वाळेचा हिशेब उणे 10 येतो आणि एकूण डॅमेज 20. ही बेरीज शून्यापेक्षा जास्त असल्याने शेवटी लावलेला `max(0, damage)` काहीच करत नाही. शत्रू बरा होताना दिसत नाही, पण साधी तलवार 30 चा घाव घालते आणि जळती तलवार 20 चा. महागडे शस्त्र साध्यापेक्षा वाईट ठरते आणि का, ते कोणालाच उमगत नाही. म्हणून प्रत्येक प्रकारच्या डॅमेजला बेरजेआधीच हद्द घालावी लागते:

```
slash = max(0, 30 * (1 - slash_res / 100.0))
fire = max(0, 20 * (1 - fire_res / 100.0))
hp = clamp(hp - (slash + fire), 0, max_hp)
```

मग रेझिस्टन्सचा आकडाच 0 ते 100 मध्ये कोंबून का ठेवू नये? असे केले तर दोन गोष्टी हातच्या जातात. पहिली म्हणजे उणे रेझिस्टन्स. बर्फाच्या प्राण्याला अग्नीचा उणे 50 रेझिस्टन्स देऊन त्याला दीडपट इजा करणे, हा खेळांतला रूढ प्रकार आहे. रेझिस्टन्सला शून्याची खालची हद्द लावली की हा कच्चा दुवा नाहीसा होतो. 2000 साली आलेल्या ‘डायब्लो 2’ मध्ये खेळाडूच्या रेझिस्टन्सची खालची हद्द म्हणूनच उणे 100 आहे, म्हणजे जास्तीत जास्त दुप्पट मार. वरची हद्द साधारणपणे 75 आहे आणि खास वस्तू मिळवून ती 95 पर्यंत नेता येते. खेळाडूला कोणत्याही मूळ तत्त्वापासून पूर्ण अभय मिळू नये, हा त्यामागचा हेतू.

दुसरी गोष्ट याच खेळातल्या राक्षसांवरून कळते. तिथे राक्षसाचा रेझिस्टन्स 100 किंवा अधिक झाला की तो त्या तत्त्वापासून अभेद्य ठरतो, पण 110 हा आकडा 100 वर आणून ठेवला जात नाही. डॅमेज शून्य होते आणि आकडा तसाच राहतो. अभेद्य शत्रूवर रेझिस्टन्स घटवणाऱ्या काही शक्तींचा फक्त पाचवा हिस्सा लागू होतो. 100 ने घटवणाऱ्या शक्तीमुळे 110 चे 90 होतात आणि राक्षसाला एक दशांश मार बसू लागतो. 130 असलेला राक्षस मात्र 110 वर येऊनही अभेद्यच राहतो. साठवतानाच दोघांना 100 वर आणले असते, तर त्यांच्यातला हा फरक पुसला गेला असता. साठवलेला आकडा मोकळा ठेवायचा आणि हद्द हिशेबाच्या वेळी घालायची, ही पद्धत इथे उपयोगी पडते.

काही खेळांना शत्रू बरा व्हायलाच हवा असतो. ‘फायनल फँटसी 10’ मधला बॉम्ब नावाचा शत्रू आगीचा मारा शोषून घेतो आणि त्याचे प्राण वाढतात. तो त्याचा जाहीर स्वभाव आहे. असा स्वभाव 150 टक्के रेझिस्टन्स लिहून साधला, तर पुढे कोणीतरी क्लॅम्प घालेल त्या दिवशी तो मुकाट नाहीसा होईल. ‘डायब्लो 2’ मध्ये शोषणासाठी रेझिस्टन्सहून निराळा गुण ठेवला आहे. वेगळा गुण असला की बरे होण्याचा रंग, आवाज आणि आकडाही वेगळा दाखवता येतो आणि चूक कोणती, हेतू कोणता, ते खेळाडूलाही कळते.

सूत्र बदलूनही उणे उत्तर टाळता येते. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ मध्ये डॅमेजला `100 / (100 + r)` ने गुणतात. r म्हणजे रेझिस्टन्स. तो 100 असेल तर निम्मा मार बसतो, 300 असेल तर पाव, आणि कितीही वाढवला तरी गुणक शून्याला पोचत नाही. पण r उणे झाला की हेच सूत्र दगा देते: उणे 100 ला शून्याने भागावे लागते आणि उणे 150 ला गुणक पुन्हा उणे येतो. म्हणून शून्याखालच्या रेझिस्टन्ससाठी तिथे `2 - 100 / (100 - r)` हे दुसरे सूत्र वापरतात. त्यात उणे 150 ला 1.6 पट मार बसतो आणि गुणक 2 च्या पुढे कधीच जात नाही.

टक्केवारीचे सूत्र ठेवणाऱ्यांना मात्र रेझिस्टन्सचे सहा आकडे तपासून पाहावे लागतात: −100, 0, 99, 100, 101 आणि 150. निम्मे प्राण उरलेल्या शत्रूवर 100 गुणांचा अग्निगोळा टाकला, तर उत्तरे अनुक्रमे 200, 100, 1, 0, 0 आणि 0 यायला हवीत. शेवटच्या दोन ठिकाणी −1 आणि −50 आले, तर क्लॅम्प राहून गेला आहे. पहिल्या ठिकाणी 200 ऐवजी 100 आले, तर तो डॅमेजऐवजी रेझिस्टन्सला लागला आहे.