कानाला लागलेलं घड्याळ

बाजूला ठेवलेलं एचएमटी जनता उस्तादांनी पोराच्या कानाला लावलं. "मोजू नकोस, नुसतं ऐक." चावीच्या या घड्याळाचे सेकंदाला पाच ठोके पडतात, मोजायचं म्हटलं तरी जमत नाही.

तबकडी वर असताना आवाज खणखणीत होता. घड्याळ पालथं केलं आणि तोच आवाज दबला, जणू कुणी मधे रुमाल धरला. पोराला हा फरक कळायला तीन आठवडे लागले. त्याआधी तो प्रत्येक घड्याळाला "तेल सुकलंय" म्हणायचा. तेल सुकलं तर घड्याळ कसंही धरा, आवाज मंदच येतो. इथे तसं नव्हतं.

बॅलन्स म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक. ते एका दांडीवर बसतं आणि दांडीची दोन्ही टोकं केसाएवढी, साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. तबकडी वर असली की भार झाकणाकडच्या टोकावर, पालथं केलं की तबकडीकडच्या. म्हणजे दोष तबकडीकडच्या टोकात.

पोरानं बॅलन्स काढून भिंगाखाली धरला. गोलसर हवं ते टोक चपटं झालं होतं, बहुधा घड्याळ कधीतरी पडलं असावं. चपट्या टोकाला घर्षण जास्त, झोका लहान, आवाज दबका. काटे मात्र अजून बऱ्यापैकी वेळ दाखवत होते, म्हणून मालकाला शंकाही आली नव्हती.

नवी दांडी बसवल्यावर पोरानं घड्याळ पुन्हा पालथं करून कानाला लावलं.