दोन टक्के सूट की वीस दिवसांची उधारी?

घाऊक कापडाच्या बिलावर पुष्कळदा अट असते: 10 दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सीडी, नाहीतर 30 दिवसांत पूर्ण रक्कम. सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट. दुकानदार मनात म्हणतो, दोनच टक्के तर आहेत. बँकेचं कॅश क्रेडिट 12 टक्क्यांनी महाग पडतं, मग व्यापाऱ्याचेच पैसे वापरलेले काय वाईट? चूक इथेच होते. बँकेचे 12 टक्के वर्षाचे आहेत आणि हे दोन टक्के अवघ्या वीस दिवसांचे.

बिल 1,00,000 रुपयांचं धरू. दहाव्या दिवशी 98,000 रुपयांत ते मिटतं, तिसाव्या दिवशी पूर्ण लाख मोजावे लागतात. सूट सोडणारा दुकानदार म्हणजे 98,000 रुपये वीस दिवस वापरतो आणि त्याबद्दल 2,000 रुपये देतो. पहिले दहा दिवस तर दोन्ही पर्यायांत फुकटच असतात, म्हणून ते मोजायचे नाहीत. 2,000 ला 98,000 ने भागलं की 2.04 टक्के येतात. वर्षात असे वीस दिवसांचे 18.25 तुकडे पडतात. गुणाकार केला की या उधारीचा वार्षिक दर निघतो: सुमारे 37 टक्के.

आता तेच 98,000 रुपये कॅश क्रेडिट खात्यातून 12 टक्क्यांनी उचलले, तर वीस दिवसांचं व्याज सुमारे 644 रुपये होतं. सूट 2,000 ची, म्हणजे कर्ज काढूनही 1,356 रुपये हातात राहतात. दरमहा शेकडा 3 रुपये घेणाऱ्या सावकाराचं व्याजसुद्धा 1,960 रुपयेच होईल. पण 40 रुपयांसाठी कोणी त्याच्या दारी जाऊ नये.

उत्तर मात्र नेहमी असंच येत नाही. सूट 1 टक्का आणि पूर्ण पैशांची मुदत 45 दिवसांची असेल, तर पस्तीस दिवसांच्या उधारीचा दर साडेदहा टक्क्यांच्या आसपास येतो. तिथे 12 टक्क्यांचं कर्ज काढून सूट घेणं तोट्याचं. बिलावरच्या तारखेपेक्षा पैसे प्रत्यक्षात केव्हा जातात, हेही पाहावं लागतं. पहिल्याच बिलाचे पैसे व्यापारी विनातक्रार साठाव्या दिवशी घेत असेल, तर उधारी पन्नास दिवसांची होते आणि दर 15 टक्क्यांवर उतरतो. पण माल देणारा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर ही ओढाताण फार लांबवता येत नाही: 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, आणि उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागतं.

कॅश क्रेडिटची मर्यादा आधीच संपली असेल, तर सगळ्या बिलांची सूट घेता येत नाही. अशा वेळी ज्या बिलाचा वार्षिक दर सर्वांत जास्त, त्याचे पैसे आधी द्यावेत.